रोज एक मनाचा श्लोक, एका मिनिटात: 205 भागांची संहिता कशी लिहावी

रोज एक वचन, एक मिनिट, तोच आराखडा आणि तीच सुरुवात. अशी मालिका काढायची म्हटलं की पहिला प्रश्न आवाजाचा किंवा कॅमेऱ्याचा नसतो, मजकुराच्या मापाचा असतो. अभंग घेतले तर एक चार ओळींचा, दुसरा चौदा ओळींचा, त्यामुळे आराखडा दर दिवशी मोडतो. ज्ञानेश्वरी घेतली तर ओव्या नऊ हजारांच्या घरात. रोज एक म्हटली तरी चोवीस वर्षं लागतील. हरिपाठ महिन्याभरातच संपतो. या सगळ्यांत मनाचे श्लोक मापाला चोख बसतात. श्लोक 205, प्रत्येकाला चार चरण आणि सगळे एकाच वृत्तात. म्हणजे एक श्लोक म्हणायला जितका वेळ लागतो, तितकाच बाकीच्या 204 श्लोकांना लागणार. एक मिनिटाचा साचा एकदा बसला की तो शेवटपर्यंत टिकतो. म्हणून इथे सगळं मनाच्या श्लोकांना धरूनच सांगतो.

आधी घड्याळ लावा, मग लेखणी उचला

वृत्त भुजंगप्रयात. चरणात बारा अक्षरं, लघु-गुरु-गुरु असे चार गट. लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन धरल्या तर चरणाच्या वीस मात्रा होतात आणि श्लोकाच्या ऐंशी. शाळेत प्रार्थनेला म्हणतात त्या चालीत, न पळता, एक चरण साधारण चार सेकंदांत होतो. चार चरण आणि मधले श्वास मिळून श्लोक 18 सेकंदांच्या आसपास संपतो. तुमचा वेग वेगळा असू शकतो, म्हणून फोनवर स्टॉपवॉच लावून पाच-सहा श्लोक सलग म्हणा आणि सरासरी काढा. 16 आली तरी ठीक, 20 आली तरी ठीक. मात्र 22 च्या वर गेलात तर अर्थाला जागा उरणार नाही. चाल थोडी उचलावी लागेल.

मग बोलण्याचा वेग मोजा. आपण गप्पा मारतो त्या वेगाने अर्थ सांगितला तर ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. सेकंदाला दोन शब्द हा सुखाचा वेग आहे. श्लोकाचे 18 सेकंद गेले की हातात 42 उरतात. त्यांतले तीन-चार श्वासांना आणि वळणांना सोडा. मग राहतात 38 सेकंद, म्हणजे श्लोक सोडून फार तर 75 शब्द. हा आकडा संहितेच्या कागदावर वरच लिहून ठेवा. पुढची सगळी भांडणं या 75 शब्दांवरूनच होणार आहेत.

माझा आराखडा असा आहे:

0 ते 6 सेकंद: ठरलेली सुरुवात
6 ते 24: श्लोक, एकदाच
24 ते 44: अर्थ, फार तर 40 शब्द
44 ते 55: आजचा प्रसंग, फार तर 20 शब्द
55 ते 60: ठरलेला शेवट

श्लोक दोनदा म्हणावा का, असं बरेच जण विचारतात. मोह होतो खरा, पण दुसऱ्यांदा म्हटलात तर अर्थ आणि प्रसंग यांतलं एक बाहेर जातं. श्लोक पडद्यावर पूर्ण वेळ दिसत असेल तर एकदाच म्हणणं पुरतं.

सुरुवात: एकच जागा बदलती ठेवा

सुरुवातीचं वाक्य 205 वेळा ऐकलं जाणार आहे. त्यामुळे त्यात जो शब्द फक्त छान वाटतो म्हणून बसलाय, तो विसाव्या दिवशी खटकायला लागतो आणि साठाव्या दिवशी लोक तो बोट सरकवून ओलांडतात. माझ्या मते सुरुवात एवढीच असावी:

«रोज एक श्लोक, रोज एक मिनिट. मनाचे श्लोक. आज सातवा.»

दहा शब्द, सहा सेकंद. यात बदलतो तो फक्त आकडा. आकडा ऐकला की रोजच्या श्रोत्याला आपण कुठे आहोत ते कळतं, आणि चुकलेला भाग शोधायलाही तो आकडाच उपयोगी पडतो.

यात काय नाही तेही पाहा. «नमस्कार, मी अमुक» नाही, कारण नाव पडद्यावर आणि खात्यावर असतंच. «शुभ सकाळ» नाही, कारण हा तुकडा कुणीतरी रात्री अकरा वाजता उघडणार आहे. «कालच्या भागात आपण पाहिलं» तर मुळीच नको. अशा क्लिप घराघरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुट्या फिरतात. नागपूरच्या मावशीने पाठवलेला 43 वा श्लोक न्यू जर्सीतल्या भाच्याला मिळतो तेव्हा 42 वा त्याने ऐकलेला नसतो आणि तो ऐकायला जाणारही नसतो. म्हणून प्रत्येक भाग एकटा उभा राहिला पाहिजे आणि मालिकेचं नाव आणि आकडा बोलण्यातच आले पाहिजेत. वर्णनात लिहिलेलं पुढे पाठवताना गळून पडतं.

आकडे संहितेत अक्षरांत लिहा. ऐन ध्वनिमुद्रणात «79 वा» समोर आला की एकोणऐंशी की एकोणनव्वद, असा अर्धा क्षण जातो आणि आवाजात तो अडखळा ऐकू येतो. «एकोणऐंशीवा» असं लिहिलेलं असलं की प्रश्न मिटतो.

आता तांत्रिक पण कामाची गोष्ट. «रोज एक श्लोक, रोज एक मिनिट» एवढा भाग एकदाच नीट मुद्रित करून कायमचा ठेवा. «मनाचे श्लोक. आज सातवा.» हे मात्र त्या दिवशीच्या आवाजात म्हणा. जोड पूर्णविरामावर येतो, वाक्याच्या मधे नाही, त्यामुळे तो जाणवत नाही. «आज» जुन्या आवाजात आणि «सातवा» नव्या आवाजात, असं केलं की बँकेच्या टोकन मशीनसारखं ऐकू येतं. खाली तानपुऱ्याचा संथ सूर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवला तर उरलासुरला जोडही झाकला जातो. सूर मात्र एकच ठरवा. काळी एक म्हटलं तर 205 दिवस काळी एक.

शेवटासाठी नवं काही शोधायची गरज नाही. मनाचे श्लोक म्हणताना प्रत्येक श्लोकापाठी «जय जय रघुवीर समर्थ» म्हणायची रीतच आहे. ती श्लोकाला चिकटून न ठेवता मिनिटाच्या टोकाला न्या. चार शब्दांत शेवट होतो आणि जो ऐकतो त्याला तो ओळखीचा असतो. «लाइक करा, शेअर करा» हे पडद्यावर लिहा, तोंडाने म्हणू नका. त्याला चार सेकंद द्यायची या मिनिटाची ऐपत नाही.

205 श्लोक आधी वाचा आणि तीन ढीग करा

लिहायला बसण्याआधी सगळे श्लोक सलग वाचून काढा आणि एका तक्त्यात भरा: क्रमांक, पहिला चरण, शेवटचा चरण आणि प्रकार. प्रकार तीनच पुरतात.

पहिला प्रकार, वागण्याबद्दल सांगणारे श्लोक. पहिल्या वीस-पंचवीसांत यांची गर्दी आहे. वर दिलेला आराखडा यांना जसाच्या तसा लागू पडतो.

दुसरा प्रकार, कथेचा आधार असलेले. 116 व्या श्लोकापासून पुढे अंबरीष, ध्रुव, गजेंद्र, अजामेळ, प्रल्हाद असे एकेक जण येतात. श्लोकात गोष्टीचा फक्त इशारा आहे, कारण गोष्ट ऐकणाऱ्याला माहीत आहे असं धरलेलं आहे. आजच्या श्रोत्याबद्दल ते धरता येत नाही. इथे अर्थ आणि प्रसंग हे दोन्ही कप्पे एक करा आणि मिळालेल्या 31 सेकंदांत गोष्ट सांगा. ध्रुवाची अशी होईल:

«उत्तानपाद राजाचा मुलगा ध्रुव. सावत्र आईने त्याला बापाच्या मांडीवरून खाली उतरवलं. आई सुनीती म्हणाली, तुला जागा द्यायची तर देवच देईल. पोर रानात गेलं, तप केलं, देव भेटला. आणि आकाशात कुणी उठवू शकणार नाही अशी जागा मिळाली.»

हे 36 शब्द झाले. नारदाची भेट, मधुवन, तपाचे महिने हे सगळं गाळलं. गोष्ट सांगणाऱ्याला ते गाळताना जड जातं, पण मांडीवरची जागा आणि आकाशातली जागा एवढी दोन टोकं धरली की श्लोक कळतो. उरलेल्या वेळात शेवटच्या चरणाचा अर्थ येतो: देव भक्ताची उपेक्षा करत नाही.

तिसरा प्रकार, शेवटाकडचे तत्त्वचिंतनाचे श्लोक. «नभासारिखे रूप या राघवाचे» अशा ओळीला सोसायटीच्या पार्किंगचं उदाहरण जोडायला गेलात तर दोन्हींची थट्टा होते. इथे प्रसंगाचा कप्पा रिकामा सोडा. अर्थ सांगा, मग दोन सेकंद तानपुरा वाजू द्या आणि त्या श्लोकातला एकच चरण पुन्हा संथ म्हणा. साचा मोडत नाही, कारण कालावधी तोच राहतो आणि सुरुवात-शेवटही तेच राहतात.

तक्ता भरताना शेवटच्या चरणाच्या रकान्यात एक गंमत दिसेल. कितीतरी ठिकाणी सलग श्लोकांचा चौथा चरण एकच आहे. 28 व्या श्लोकापासून पुढे «नुपेक्षी कदा रामदासाभिमानी», 47 पासून पुढे «जगी धन्य तो दास सर्वोत्तमाचा», आणि 116 पासूनच्या कथांना «नुपेक्षी कदा देव भक्ताभिमानी». हे ध्यानात न घेता लिहीत गेलात तर आठ-दहा दिवस तोच अर्थ तुम्ही रोज नव्या शब्दांत सांगत बसाल, आणि श्रोत्याला वाटेल की कालचाच भाग पुन्हा लागला. उपाय सोपा आहे. गटातल्या पहिल्या दिवशी चौथ्या चरणाचा अर्थ नीट, सावकाश सांगा. दुसऱ्या दिवसापासून तो चरण फक्त श्लोकात येऊ द्या, अर्थ सांगताना तीन-चार शब्दांत उरका, आणि वाचलेले सहा-सात सेकंद पहिल्या तीन चरणांना द्या. कथांच्या श्लोकांत गोष्टीला जागा मिळते ती यामुळेच. मात्र एकटी फिरणारी क्लिप डोळ्यांपुढे ठेवा: अर्थ पूर्ण गाळू नका, तीन शब्द तरी राहू द्या.

सातवा श्लोक, खर्ड्यापासून पक्क्या संहितेपर्यंत

श्लोक असा:

मना श्रेष्ठ धारिष्ट जीवी धरावे ।
मना बोलणे नीच सोशीत जावे ॥
स्वये सर्वदा नम्र वाचे वदावे ।
मना सर्व लोकांसि रे नीववावे ॥

अर्थाचा पहिला खर्डा बहुतेकांचा साधारण असा उतरतो:

«या सातव्या श्लोकामध्ये समर्थ रामदास स्वामी आपल्या मनाला असा उपदेश करतात की, हे मना, तू श्रेष्ठ असे धैर्य आपल्या अंतःकरणात धारण कर. लोक तुला कितीही नीच, हलके, अपमानास्पद बोलले तरी ते तू सहन करत जा. तू स्वतः मात्र नेहमी नम्र वाणीनेच बोलत राहा आणि अशा प्रकारे सर्व लोकांच्या मनाला शांत आणि संतुष्ट कर. म्हणजेच सहनशीलता आणि नम्रता हे दोन गुण प्रत्येकाने आपल्या अंगी बाणवले पाहिजेत.»

चुकीचं यात काही नाही. पण शब्द 65 आहेत आणि आपल्याकडे 40 आहेत. पहिले बारा शब्द नुसते दार उघडण्यात जातात. सातवा श्लोक आहे हे सुरुवातीत सांगून झालंय, समर्थांचा आहे हे शेवटच्या घोषात येणार आहे, आणि मनाला उपदेश आहे हे «मना» या हाकेतच आहे. शेवटचे बारा शब्द, «म्हणजेच» पासून पुढचे, आधी सांगितलेलं भाववाचक नामांत पुन्हा सांगतात. ही दोन्ही टोकं कापली की 41 शब्द उरतात. मग मधल्या जोड्या फोडा: «नीच, हलके, अपमानास्पद» या तिघांचं काम «टाकून» हा एक शब्द करतो, आणि «अंतःकरणात धारण कर» ऐवजी नुसतं «धर» चालतं.

दुसरी गोष्ट कापण्याची नाही, मापून देण्याची आहे. चार चरणांना सारखा वेळ द्यायची गरज नसते. धीर धरावा, सोसावं, नम्र बोलावं हे कुणालाही ऐकताक्षणी कळतं. चौथा चरण मात्र वेगळं सांगतो. आपण गप्प राहिलो, चांगलं बोललो, एवढ्यावर थांबायचं नाही, समोरच्याला निववायचंय. श्लोकाचा रोख तिथे आहे, म्हणून शब्द तिथे खर्चायचे. हे सूत्र प्रसिद्ध श्लोकांना जास्तच लागू पडतं. «जगी सर्व सूखी असा कोण आहे» ही ओळ ज्याच्या-त्याच्या तोंडी आहे, तिला पाच शब्द पुरेत. पूर्वसंचिताचे पुढचे दोन चरण लोकांना आठवतही नाहीत, वेळ त्यांना द्यावा.

पक्का मजकूर असा झाला:

«मना, मोठा धीर धर. कुणी टाकून बोललं, तर ते सोस. तू स्वतः मात्र बोलशील ते नम्रपणेच बोल. आणि नुसतं गप्प बसून भागत नाही. समोरची माणसं निवतील, त्यांचा राग शांत होईल, इथपर्यंत तुला जायचंय.»

33 शब्द, विरामांसकट साधारण 18 सेकंद. यात «तू» कुणाला म्हटलंय ते लक्षात घ्या: मनाला. समर्थ मनाशी बोलतायत आणि अर्थही मनाशीच बोलतो. श्रोत्याशी आपण बोलतो ते प्रसंगात, आणि तिथे «तुम्ही» येतं. ही वाटणी 205 भाग पाळा. अर्थ सांगतानाच «आपण सर्वांनी सोसलं पाहिजे» असं आलं की लगेच व्यासपीठावरचा आवाज लागतो आणि ऐकणारा मनातल्या मनात मागच्या रांगेत जाऊन बसतो.

आता प्रसंग:

«सोसायटीच्या ग्रुपवर कुणी तुमच्यावर घसरलं. उत्तर लिहून झालंय. पाठवण्याआधी ते एकदा मोठ्याने वाचा. हेच तुम्हाला कुणी ऐकवलं, तर?»

18 शब्द. प्रसंगात एकच जागा, एकच कृती हवी. «घरी, ऑफिसात, रस्त्यावर कुठेही» असं पसरवलं की त्यातलं काहीच डोळ्यांपुढे उभं राहत नाही. आणि या श्लोकाला प्रसंग निवडताना एक काळजी घ्या. «सोशीत जावे» याला जोडून सासरचं बोलणं, नवऱ्याचा राग, साहेबाची शिवीगाळ यांतलं काही घेऊ नका. घरात जिला खरोखर सोसावं लागतंय तिला एका मिनिटाची क्लिप «आणखी सोस» असं सांगत येते, आणि «पण अन्याय सहन करू नये» असं पुढे जोडायला वीस शब्दांत जागा नसते. ज्या प्रसंगात सोसण्याची किंमत फार तर अहंकाराची आहे, तोच घ्या. पूर्वसंचिताच्या श्लोकालाही हेच: तिथे आजारपणाचं उदाहरण नको.

सगळं जोडून सेकंद मोजू: सुरुवात 6, श्लोक 18, अर्थ 18, प्रसंग 10, शेवट 4. बेरीज 56. चार सेकंद श्वासांना उरले. बरोबर 60 भरेल असं लिहू नका. भरगच्च मजकूर वाचताना माणूस नकळत पळतो, आणि पळणं पहिल्यांदा ऐकू येतं ते श्लोकाच्या तिसऱ्या चरणात.

पाठ, लेखन आणि म्हणणं

छापील आवृत्त्यांमध्ये पाठभेद आहेत. घरातली किंवा मठातली एखादी विश्वासाची प्रत घ्या आणि शेवटपर्यंत तीच धरा. दोन प्रतींतून वेचून घेतलं की प्रतिक्रियांमध्ये रोज तीच चर्चा चालू होते. पडद्यावर «जावें, तें, नमूं» असे जुने अनुस्वार ठेवायचे की «जावे, ते, नमू» असं आजचं लेखन करायचं, हेही एकदाच ठरवा. मोबाइलच्या पडद्यावर मला आजचं लेखन बरं वाटतं, वाचायला सोपं जातं.

मात्र वृत्तासाठी दीर्घ झालेली अक्षरं «सुधारू» नका. «सार वीचार राहो» मधला «वी», «सर्व सूखी» मधला «सू», «पंथ आनंत» मधला «आ» हे तसेच लिहायचे आणि तसेच म्हणायचे. फोनचा कीबोर्ड आपणहून «विचार» आणि «सुखी» करून ठेवतो, आणि मग पडद्यावर एक दिसतं आणि कानावर दुसरंच पडतं. प्रत्येक भागाचा पडद्यावरचा मजकूर छापील प्रतीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चारच ओळी असतात.

म्हणताना श्वास चरणाच्या शेवटी घ्या. मधे घ्यावाच लागला तर शब्द संपेल तिथे. सवयीने सहाव्या अक्षरावर, म्हणजे चरणाच्या बरोबर मध्यावर थांबायला होतं. सातव्या श्लोकात तिथे थांबलात तर «मना श्रेष्ठ धारि» आणि «ष्ट जीवी धरावे» असे तुकडे पडतात. संहितेत श्वासाची जागा तिरक्या रेघेने दाखवून ठेवली की हे टळतं.

श्लोक सतराव्या शतकातले आहेत, त्यांच्यावर कुणाचा स्वामित्वहक्क नाही. पण बाजारातल्या टीकेतला अर्थ उचलून वाचणं वेगळं. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं हक्क टिकतो, आणि ध्वनिमुद्रणावर ते प्रकाशित झाल्यापासून 60 वर्षं. म्हणून चार टीका वाचा, अर्थ पक्का करा, पुस्तक मिटा आणि मग आपल्या शब्दांत लिहा. पार्श्वभूमीला कुणाचं गायलेलं रेकॉर्डिंग लावू नका. तानपुरा स्वतःचा किंवा वापराची परवानगी असलेला घ्या.

मुद्रण आणि दिनदर्शिका

श्लोकांचं पठण आणि अर्थाचं बोलणं वेगवेगळं मुद्रित करा. पठण पाच-सहा बैठकांत उरकता येतं आणि चालीचा, सुराचा सारखेपणा त्यातच टिकतो. अर्थ आणि प्रसंग मात्र आठवड्याचे सात एका बैठकीत घ्या. संहिता आधीच्या आठवड्यात लिहून झालेल्या असाव्यात आणि मुद्रणाआधी दुसऱ्या कुणीतरी त्या मोठ्याने वाचाव्यात. जिथे तो अडखळेल तिथे वाक्य मोडायचं. पंखा बंद, फोन तोंडापासून वीतभर आणि थोडा बाजूला. फाइलची नावं तीन आकडी ठेवा, `007_shlok.wav` आणि `007_arth.wav` अशी. `7` असं नाव दिलं तर पुष्कळ ठिकाणी यादीत तो 69 च्या नंतर जाऊन बसतो आणि एखाद्या रात्री घाईत भलताच श्लोक पुढे जातो.

सुरुवात कधी करावी? गुरुपौर्णिमा चांगली. आषाढ पौर्णिमेपासून माघ पौर्णिमेपर्यंत सात चांद्रमास, म्हणजे साधारण 207 दिवस. पुढे नऊ दिवसांनी माघ वद्य नवमी, दासनवमी. एकूण 215-216 दिवस मिळतात. श्लोक 205, म्हणून दहा दिवस हातात राहतात. ते असे वापरा: दर वीस श्लोकांनंतर एक दिवस उजळणीचा. 20, 40, 60 असं करत 200 पर्यंत बरोबर दहा उजळण्या होतात. उजळणीत अर्थ नाही, प्रसंग नाही. सहा सेकंदांची सुरुवात आणि गेल्या विसांतले तीन श्लोक सलग. तीन अठरे चोपन्न, मिनिट भरलं. त्या दिवशी घोष पडद्यावर लिहा. पठण आधीच मुद्रित असतं, त्यामुळे तुम्हालाही तो दिवस मोकळा मिळतो. एखाद-दुसऱ्या दिवसाचा फरक त्या वर्षीचं पंचांग पाहून जुळवा, आणि मधे अधिक मास येतोय का हे आधी बघा. तो आला तर महिनाभर उशिरा सुरुवात करावी लागेल.

आजारपण, प्रवास, लग्नसराई धरून निदान दोन आठवड्यांचे भाग तयार असल्याशिवाय पहिला भाग लावू नका. खंड पडलाच तर दुसऱ्या दिवशी दोन भाग टाकून भरपाई करू नका. आकडा आहे तिथून पुढे चालू ठेवा आणि उजळणीचा पुढचा दिवस खाऊन टाका.

205 वा श्लोक फलश्रुतीचा आहे, «मनाची शते ऐकता दोष जाती». त्या दिवशी आभार, आठवणी, पुढच्या मालिकेची घोषणा यांतलं काहीही या मिनिटात घालू नका. त्यासाठी वेगळी क्लिप करा. आणि पठणाचे व बोलण्याचे सुटे ट्रॅक पुसू नका. पुढच्या वर्षी तीच मालिका पुन्हा लावाल तेव्हा पठण तसंच वापरता येईल आणि ज्या श्लोकांचा अर्थ आता अपुरा वाटतो, तेवढेच भाग नव्याने बोलावे लागतील.